दोन गुणांपुरता प्रश्न

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास. म्हणजे दोन गुणांच्या उत्तराला साधारण पाच मिनिटं मिळतात. वर्गात शिकवलेल्या स्लाइडवरून संभाव्य प्रश्नांची यादी करायला बसते, तेव्हा हा हिशोब डोक्यात पक्का असावा लागतो.

परवा डीएनए रेप्लिकेशनच्या स्लाइड काढल्या होत्या. स्लाइडवर सगळी उत्तरंच असतात, प्रश्न आपण शोधायचा. एका स्लाइडवर एवढंच होतं: लॅगिंग स्ट्रँड, ओकाझाकी तुकडे, लायगेज. यावरून ‘ओकाझाकी तुकडे म्हणजे काय?’ हा प्रश्न पटकन सुचतो, पण तो एका ओळीत संपतो, म्हणजे एका गुणाचा. त्याला ‘का’ जोडून पाहिलं: लॅगिंग स्ट्रँड तुकड्यातुकड्यांनी का तयार होतो? आता उत्तरात दोन मुद्दे आले. पॉलिमरेज नवी साखळी फक्त ५′ कडून ३′ कडे वाढवतं, आणि मूळच्या दोन साखळ्या परस्परविरुद्ध दिशेच्या असतात. त्यामुळे एका साखळीवर काम सलग चालतं, दुसरीवर फोर्क उघडेल तसतशी पुन्हा पुन्हा सुरुवात करावी लागते. गंमत अशी की हे कारण त्या स्लाइडवर नव्हतंच; ते मी फळ्यावर बाण काढून सांगितलं होतं. नुसत्या स्लाइड पाठ करणारी मुलं नेमकी इथे अडकतात.

पुढची स्लाइड मेसेल्सन आणि स्टाल यांच्या १९५८ च्या प्रयोगाची. ‘प्रयोगाचे वर्णन करा’ हा प्रश्न दोन गुणांत मावत नाही. विद्यार्थी पानभर लिहितो आणि वेळ घालवतो. म्हणून त्याचा एकच काप घेतला: जड नायट्रोजनमध्ये वाढवलेले जीवाणू साध्या नायट्रोजनमध्ये नेल्यावर पहिल्या पिढीनंतर एकच पट्टा दिसला, यावरून काय सिद्ध झालं? बरीच मुलं ‘अर्धसंवर्धी पद्धत’ लिहून मोकळी होतात. खरं तर त्या एका पट्ट्याने फक्त संवर्धी पद्धत बाद होते, कारण तशी असती तर जड आणि हलका असे दोन पट्टे पडले असते. विखुरलेल्या पद्धतीची शक्यता दुसऱ्या पिढीत हलका पट्टा वेगळा दिसल्यावरच संपते. प्रश्न जरा सैल लिहिला तर उत्तर तपासताना वाद होणार, म्हणून तो बदलला: ‘पहिल्या पिढीच्या निकालाने कोणती पद्धत बाद झाली? कारण द्या.’ पद्धतीला एक गुण, कारणाला एक.

स्लाइडवरचं चित्र दुसऱ्या पिढीशी थांबतं. मी तिसरी विचारली. एका मूळ रेणूपासून आठ रेणू होतात, त्यांत दोन संकरित आणि सहा हलके.

यादीत घेण्याआधी प्रत्येक उत्तर मी स्वतः लिहून काढते. तीन मुद्दे झाले तर प्रश्न तीन गुणांच्या यादीत ढकलते. लायगेजचं काम मात्र एका गुणात गेलं.