एक मालक, अनेक चिमण्या: कोणत्या संचातून किती वीज?

महाराष्ट्रातल्या वीज कर्मचाऱ्यांना ‘एमओडी’ ही तीन अक्षरं चांगलीच ठाऊक आहेत. मेरिट ऑर्डर डिस्पॅच, म्हणजे स्वस्त संच आधी आणि महाग संच नंतर, या क्रमाने वीज घेण्याची पद्धत. परळीचा संच यंत्रात काहीही बिघाड नसताना थंड पडतो आणि त्याच दिवशी चंद्रपूरचे संच भरभरून चालतात, ते या क्रमामुळे. परळीकरांना तो अन्याय वाटतो, आणि का वाटतो हे समजण्यासारखं आहे. पण क्रमामागचं गणित समजून घेतलं, तर तक्रार नेमकी कुठे करायची हेही कळतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न अनेक कारखाने असलेल्या मक्तेदाराचा म्हणून येतो. बाजारात विकणारा एकटाच, पण माल तयार करणारे कारखाने अनेक आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा. एकूण माल ठरलेला असेल, तर तो कारखान्यांत कसा वाटायचा म्हणजे एकूण खर्च कमीत कमी होईल? १९४७ साली डॉन पॅटिंकिन यांनी या प्रश्नावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे, पण वीज केंद्रांचे अभियंते त्याच्या आधीपासून हेच गणित रोज मांडत होते. आपल्याकडचं सरळ उदाहरण म्हणजे १९६० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. मुंबईचा बराचसा भाग सोडला, तर २००५ मध्ये विभाजन होईपर्यंत राज्यात वीज पुरवणारं ते जवळजवळ एकटंच होतं. त्याच्या पदरी खाणींच्या शेजारचं चंद्रपूर होतं, रेल्वेने लांबून कोळसा आणावा लागणारी परळी आणि नाशिक होती, वायूवर चालणारं उरण होतं आणि पाण्यावर चालणारी कोयना होती.

समजा, मालकाकडे दोनच केंद्रं आहेत. आकडे हिशेबासाठी मनाने घेतलेले आहेत. ‘अ’ केंद्र खाणीजवळ आहे, क्षमता १२०० मेगावॉट. त्याचं पहिलं युनिट तयार करायला इंधनाचे २ रुपये लागतात आणि पुढे उत्पादन १०० मेगावॉटने वाढलं की प्रत्येक जादा युनिट १० पैशांनी महागतं, कारण जवळच्या खाणीचा कोळसा संपला की लांबचा किंवा लिलावातला घ्यावा लागतो. ‘ब’ केंद्र लांब आहे, त्यात ८०० मेगावॉटचा एकच संच आहे. त्याचं पहिलं युनिट २ रुपये ४० पैशांना पडतं आणि दर १०० मेगावॉटमागे खर्च २० पैशांनी चढतो. आणखी एक युनिट काढायला लागणाऱ्या या जादा खर्चाला सीमांत खर्च म्हणतात.

दुपारची मागणी १३०० मेगावॉट आहे. साधा विचार करणारा अधिकारी म्हणेल, दोघांची मिळून क्षमता २०००, मागणी तिच्या ६५ टक्के, तेव्हा दोघांनाही ६५ टक्क्यांवर चालवा. ‘अ’ला ७८०, ‘ब’ला ५२०. वाटप न्याय्य दिसतं. पण आता शेवटच्या युनिटचा खर्च पाहा. ‘अ’मध्ये तो २ रुपये ७८ पैसे आहे, ‘ब’मध्ये ३ रुपये ४४ पैसे. ‘ब’मधलं एक युनिट कमी करून तेच ‘अ’मध्ये काढलं, तर ग्राहकाला तितकीच वीज मिळते आणि मालकाचे ६६ पैसे वाचतात. मग दुसरं हलवा, तिसरं हलवा. हलवता हलवता ‘अ’चा शेवटचा खर्च चढत जातो, ‘ब’चा उतरत जातो, आणि ‘अ’ १००० व ‘ब’ ३०० मेगावॉटवर आले की दोन्हींचा शेवटचा खर्च ३ रुपयांवर येऊन मिळतो. आता एकही युनिट इकडून तिकडे नेऊन काही वाचत नाही. या २२० मेगावॉटच्या हलवाहलवीत दर युनिटमागे सरासरी ३३ पैसे वाचले, म्हणजे तासाला ७२,६०० रुपये. नवं यंत्र नाही, कोळशाच्या भावात सूट नाही. बचत झाली ती वाटपातून.

सगळा नियम एवढाच आहे: जी केंद्रं चालू आहेत आणि ज्यांना वर-खाली करायला वाव आहे, त्या सगळ्यांचा सीमांत खर्च सारखा झाला पाहिजे. तो सारखा नसेल, तर कुठेतरी पैसे गळताहेत असं समजावं. रात्री मागणी ४०० मेगावॉटपर्यंत उतरली, तर ‘अ’चा शेवटचा खर्च २ रुपये ४० पैसे होतो, म्हणजे ‘ब’च्या पहिल्याच युनिटइतका. त्याच्या खाली ‘ब’ला काहीच काम देऊ नये. उलट संध्याकाळी मागणी १७०० झाली की ‘अ’ आपल्या १२०० मेगावॉटवर भरून जातो. त्याचा शेवटचा खर्च ३ रुपये २० पैसे, ‘ब’चा ५०० मेगावॉटवर ३ रुपये ४० पैसे. इथे समानता नाही, पण चूकही नाही, कारण ‘अ’मध्ये आणखी जागाच उरलेली नाही. प्रत्यक्षात बहुतेक संचांचा इंधनखर्च दर युनिटला एकच आकडा धरून मोजतात. तेव्हा हा नियम शिडीचं रूप घेतो: सर्वांत स्वस्त संच भरा, मग त्याच्या वरचा, आणि शेवटी अर्धवट चाललेला संच त्या तासाचा सीमांत खर्च ठरवतो. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात एमओडीची यादी असते, ती हीच शिडी.

किती माल काढायचा, हा प्रश्न वेगळा. नफा पाहणारा खासगी मक्तेदार शेवटच्या युनिटमुळे वाढणारं उत्पन्न या समान सीमांत खर्चाइतकं होईपर्यंत उत्पादन वाढवेल आणि तिथे थांबेल. वीज मंडळाचे दर मात्र आधी सरकार आणि १९९९ नंतर वीज नियामक आयोग यांच्या हातात होते, त्यामुळे मंडळापुढे मागणी ठरलेली यायची. दोन्ही मालकांना वाटपाचा नियम एकच लागू पडतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सरासरी खर्चामुळे. समजा ‘अ’ नवं केंद्र आहे. कर्जाचे हप्ते, पगार, देखभाल मिळून त्याचा स्थिर खर्च तासाला २० लाख रुपये. ‘ब’चं कर्ज जवळजवळ फिटलेलं, त्याचा स्थिर खर्च ३ लाख. वरच्या वाटपात ‘अ’चं एक युनिट सगळं धरून सरासरी साडेचार रुपयांना पडतं आणि ‘ब’चं ३ रुपये ७० पैशांना. कुणीही म्हणेल, ‘ब’ स्वस्त आहे, त्याला जास्त काम द्या. म्हणून १०० मेगावॉट ‘अ’कडून ‘ब’कडे नेले, तर ‘अ’चा हप्ता एका रुपयानेही कमी होत नाही, बदलतं ते फक्त इंधन, आणि तिथे तासाला १५,००० रुपये जास्त जातात. म्हणूनच वीज खरेदी करारात दर दोन भागांत असतो. संच चालायला तयार ठेवल्याबद्दल स्थिर आकार, आणि वीज घेतली तर इंधनाचा बदलता आकार. क्रम लावताना फक्त दुसरा भाग पाहतात. बंद पडलेल्या संचालाही स्थिर आकार मिळतो, याचा लोकांना राग येतो. पण ते पैसे संच चालवला तरी द्यावेच लागले असते.

आता या गणिताला कुठे ठेच लागते ते पाहू. कोळशाचा संच दिव्यासारखा हवा तेवढा मंद करता येत नाही. २०१६ पासून केंद्रीय ग्रीड संहितेत त्याची किमान पातळी क्षमतेच्या ५५ टक्के धरलेली आहे; त्याच्या खाली बाष्पकातली ज्योत अस्थिर होते आणि ती टिकवायला तेल जाळावं लागतं. ‘ब’ची किमान पातळी म्हणजे ४४० मेगावॉट. मध्यरात्रीची मागणी ८०० असेल, तर नियम सांगतो ‘ब’कडून १३३ घ्या, आणि ते शक्य नाही. उरतात दोन वाटा. ‘ब’ बंद करून सगळे ८०० ‘अ’कडून घ्यायचे, किंवा ‘ब’ ४४० वर धरून ‘अ’ ३६० वर आणायचा. पहिली वाट तासाला सुमारे १ लाख १४ हजारांनी स्वस्त आहे, म्हणजे रात्रीच्या सहा तासांत ६ लाख ८६ हजार. पण थंड झालेला संच पुन्हा पेटवायचा तर तेल लागतं, तास जातात, आणि धातूवर ताण येऊन आयुष्य घटतं. तो सगळा खर्च ६ लाख ८६ हजारांपेक्षा जास्त असेल, तर रात्रभर तोट्यात चालवलेला ‘ब’च शहाणपणाचा.

दुसरी ठेच कोळशाच्या प्रतीची. यादीतला आकडा कोळशाच्या उष्मांकावरून काढलेला असतो. खाणीवर एक उष्मांक लिहिला गेला आणि केंद्रात उतरलेल्या कोळशात दगड-माती निघाली, तर यादीत स्वस्त दिसणारा संच खरं तर महाग असतो. एका युनिटमागे किती किलो कोळसा जळला, हा आकडा चढू लागला की समजावं, क्रम चुकीच्या माहितीवर लागला आहे.

आणि मग कोयना. पाण्याला इंधनखर्च नाही, तेव्हा शिडीवर ती सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत आधी चालवायला हवी असं वाटतं. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातलेली आहे. सुमारे १९५० मेगावॉटची ही यंत्रं त्या पाण्यावर दिवसाचे मोजकेच तास पूर्ण क्षमतेने चालू शकतात. म्हणून आज वापरलेल्या पाण्याची किंमत शून्य धरून चालत नाही. ते दुसऱ्या वेळी जितका कोळसा वाचवू शकलं असतं, तितकी ती असते. आपल्या उदाहरणात ‘ब’ बंद असताना मध्यरात्री पाण्याचं एक युनिट ‘अ’चे २ रुपये ८० पैसे वाचवतं, आणि संध्याकाळी ‘ब’चे ३ रुपये ४० पैसे. साठ पैशांच्या या फरकासाठी पाणी धरणात राखून ठेवायचं. कोयनेची यंत्रं काही मिनिटांत सुरू होतात आणि थांबतात, त्यामुळे ते करताही येतं.

परळी २०१५ मध्ये पूर्ण बंद पडली होती ती या क्रमामुळे नव्हे, दुष्काळात पाणीच नसल्यामुळे. पण इतर वेळी तिथले लोक विचारतात की चंद्रपूर स्वस्त म्हणजे नेमकं कुणाला, तेव्हा त्यांचा प्रश्न मला पूर्ण रास्त वाटतो. यादीत कोळसा आणि त्याची वाहतूक मोजलेली असते. चंद्रपूरच्या हवेतली राख मोजलेली नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. आपल्या ‘अ’ केंद्राच्या प्रत्येक युनिटवर आजूबाजूच्या लोकांच्या आजारपणाचे ३० पैसे लावून पाहा. नियम तोच राहतो, पण १३०० मेगावॉटचं वाटप बदलतं: ‘अ’ ९००, ‘ब’ ४००, आणि दोन्हींचा सीमांत खर्च ३ रुपये २० पैसे. सरासरीच्या घोळात चूक ठरलेलं वाटप इथे बरोबर ठरतं. हे ३० पैसे किती धरायचे, हे वीज केंद्राचे अभियंते ठरवू शकत नाहीत. ते नियामक आयोगापुढच्या सुनावणीत मागावे लागतील, आणि परळीची तक्रारही तिथेच न्यायला हवी.