स्ट्रिपच्या टोकाला काय छापलंय?

दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या हव्या असतील तर केमिस्ट कात्रीने तेवढा तुकडा कापून देतो. यात गैर काही नाही. पूर्ण पाकिटाचे पैसे ज्याला जड जातात, त्याला ही सोय हवीच. अडचण वेगळी आहे. पुष्कळ कंपन्या बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापतात, नाहीतर ठोकून उमटवतात. ते टोक पहिल्याच गिऱ्हाइकाबरोबर गेलं, की मागे उरलेल्या सहा गोळ्या कधीच्या आणि कुठल्या बॅचच्या, हे कुणालाच सांगता येत नाही. जाणता केमिस्ट विरुद्ध बाजूने कापत येतो आणि छापील टोक शेवटच्या गोळ्यांना ठेवतो. आपल्या वाट्याला येणाऱ्या तुकड्यावर ते टोक नसणार असेल, तर बॅच आणि मुदत लिहिलेलं बिल मागावं आणि कापण्यापूर्वी स्ट्रिपशी ताडून बघावं.

या टोकावर लोक मुदत तेवढी बघतात. बॅच नंबर कुणी वाचत नाही, आणि माझ्या मते तोच आधी वाचायला हवा.

बॅच म्हणजे एका वेळी मळलेल्या पिठाच्या चकल्या. मीठ चुकलं तर त्या पिठाची प्रत्येक चकली चुकते. दुसऱ्या दिवशीच्या पिठाचा त्याच्याशी संबंध नसतो. कारखान्यात एकत्र मिसळलेल्या मालातून हजारो, कधी लाखो गोळ्या निघतात आणि त्या सगळ्यांना एकच क्रमांक मिळतो. तो कसा लिहायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे अक्षरांचा अर्थ लावत बसण्यात हशील नाही. तो जसाच्या तसा उतरवून घेता आला म्हणजे झालं. त्या क्रमांकावरून कंपनीला कच्चा माल, तपासणीचे अहवाल, माल कुठे गेला, हे सगळं शोधता येतं. शिवाय प्रत्येक बॅचचे नमुने कंपनीला राखून ठेवावे लागतात, आणि तेही मुदत संपल्यानंतर काही काळापर्यंत. तक्रार आली, तर मूळ माल कसा होता हे त्यावरून तपासता येतं.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा क्रमांक किती मोलाचा असतो ते दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं गेलं. वीसहून अधिक मुलं दगावली. औषध होतं ‘कोल्ड्रिफ’ सिरप, तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं, बॅच एसआर-१३. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या बॅचचं औषध वापरू नका, असं जाहीर केलं. आता त्या बाटलीवरच्या तारखा पाहा: उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. फक्त मुदत पाहणाऱ्या आईबापांना ते औषध नवंकोरं आणि निर्धोक वाटलं असतं. ती बाटली ओळखण्याची खूण बॅच नंबर हीच होती.

एरवीही केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला cdsco.gov.in या संकेतस्थळावर टाकते. त्यात औषधाचं नाव, बॅच, तारखा, उत्पादक आणि नापास होण्याचं कारण असतं. गोळी चाचणीत ठरलेल्या वेळेत विरघळत नाही, किंवा औषधाचं प्रमाण कमी भरलं, अशी ती कारणं असतात. नापास झालेली ती बॅच असते. त्या नावाच्या सगळ्या गोळ्या वाईट, असा त्याचा अर्थ नाही. उलट, यादीत नसलेली बॅच चांगलीच असेल असंही नाही, कारण तपासले जातात ते फक्त उचललेले नमुने. बनावट माल करणारे तर खरा क्रमांकही छापू शकतात. २०२४च्या ऑगस्टच्या यादीत घरोघरी माहीत असलेल्या काही नावांच्या बॅच आल्या, तेव्हा मूळ कंपन्यांनी या बॅच आमच्या नव्हेतच, असं सांगितलं होतं. ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यात बॅच आणि तारखाही असतात. मोबाइलवर उघडून त्या छापील मजकुराशी जुळतात का ते पाहावं. न जुळणं ही धोक्याची खूण आहे.

मुदतीचं गणित सोपं आहे. ‘०५/२०२६’ म्हणजे ३१ मे २०२६पर्यंत. महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. समजा, ही मुदत असलेल्या रक्तदाबाच्या तीस गोळ्या कुणी २० मे रोजी विकत घेतल्या आणि त्याच दिवसापासून रोज एक सुरू केली. मेअखेर बारा संपतील, अठरा उरतील आणि त्या जूनमध्ये मुदतीबाहेरच्या असतील. दुकानदाराने विकल्या त्या दिवशी त्या मुदतीत होत्या, म्हणून त्याला बोल लावता येणार नाही. तारीख शेवटच्या गोळीच्या दिवसाशी ताडायची असते. उमटवलेले आकडे चंदेरी फॉइलवर नीट दिसत नाहीत, तीन आणि आठ हमखास फसवतात. मोबाइलचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकला की ते स्पष्ट होतात. आणि ही मुदत बंद कप्प्यातल्या, वेष्टनावर लिहिलेल्या तापमानात ठेवलेल्या गोळीची असते. सोलून डबीत भरलेल्या किंवा शेगडीजवळच्या फडताळात ठेवलेल्या गोळीला ती लागू पडत नाही.

राहिल्या वेष्टनावर डाव्या बाजूला छापलेल्या खुणा. नुसतं ‘आरएक्स’ म्हणजे शेड्यूल एच, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. तेच लाल रंगात आणि इशारा लाल चौकटीत असेल तर ते शेड्यूल एच-१. मार्च २०१४पासून लागू झालेल्या या वर्गात सेफिक्सिमसारखी अनेक प्रतिजैविकं आणि क्षयाची औषधं आहेत. ती विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. लाल ‘एनआरएक्स’ अल्प्राझोलामसारख्या अमली पदार्थांच्या कायद्यात येणाऱ्या औषधांवर असतं, तर ‘एक्सआरएक्स’ शेड्यूल एक्सवर, जिथे चिठ्ठीची एक प्रत दुकानातच राहते. लाल आरएक्सची स्ट्रिप चिठ्ठी न मागता, काही न लिहिता हातात पडली, तर तिथे कायदा मोडला जातो आहे. साध्या सर्दीला शेजाऱ्याकडच्या उरलेल्या तीन गोळ्या घेतानाही हीच खूण बघा आणि ती दिसली तर त्या परत करा.

औषधाबद्दल शंका आली तर उरलेल्या गोळ्या फेकू नका. छापील टोकाचा स्पष्ट फोटो काढा, बिल सोबत ठेवा आणि महाराष्ट्रात असाल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. बॅच नंबर सांगितल्याशिवाय त्यांना पुढचा तपास करणं अवघड जातं.