हिरव्या आकड्यामागचा खर्च

दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब अर्ध्या लिटरपर्यंत जुळवल्याशिवाय तुम्ही पैसे देत नाही. वाण्याच्या बिलात साखरेचा भाव दोन रुपयांनी जास्त लागला तर तो तुमच्या नजरेतून सुटत नाही. तरीही हल्ली पुष्कळ घरांत एक खर्च असा होतो आहे, की जो घरखर्चाच्या वहीत कुठेच येत नाही. तो आहे मोबाइलवरच्या ‘फ्यूचर्स’ आणि ‘ऑप्शन्स’ या सौद्यांचा. कुठे यजमान ऑफिसात डबा खाता खाता हे सौदे करतात, कुठे नुकता नोकरीला लागलेला मुलगा करतो, तर कुठे दुपारची कामे आटोपली की गृहिणी स्वतःच करते.

‘हे शेअर बाजाराचे काम, त्यातले आपल्याला काय कळते?’ असे म्हणून तुम्ही पान उलटू नका. यातले बाजाराचे भाकीत बाजूला ठेवले, तर उरते ती निव्वळ बेरीज-वजाबाकी. आणि छोट्या माणसाचे पैसे बव्हंशी जातात ते त्या वजाबाकीतच.

विसार आणि पावती

आधी हा सौदा म्हणजे काय ते पाहू. समजा, तुम्हाला एक ब्लॉक आवडला आहे. मालकाला तुम्ही दहा हजार रुपये विसार दिला आणि ठरवले, की दिवाळीपर्यंत हा ब्लॉक आजच्या भावाने घ्यायचा हक्क तुमचा. भाव वाढला तर तुमचा हक्क मोलाचा ठरला. नाही वाढला तर तुम्ही ब्लॉक घेत नाही, आणि दहा हजार बुडतात. ‘ऑप्शन’ हा असाच मुदतीचा हक्क, आणि त्यासाठी द्यायचा विसार म्हणजे ‘प्रीमियम’. ‘फ्यूचर’मध्ये हक्क नसतो, बांधिलकी असते. भाव पडला तरी फरक भरून द्यावाच लागतो, म्हणून तिथे तोट्याला विसारापुरती मर्यादा राहत नाही.

बाजारात गंमत अशी, की ब्लॉक कोणालाच नको असतो. लोक विसाराची पावतीच सकाळी घेतात आणि अर्ध्या तासात विकतात. ज्यांच्याजवळ मोठ्या रकमेचे शेअर्स आहेत, त्यांना भाव पडण्याच्या भीतीपासून विम्यासारखे संरक्षण मिळावे हा या सौद्यांचा खरा उपयोग. पण रोज दोन-चारदा पावत्यांची उलाढाल करणाऱ्याजवळ विमा उतरवण्यासारखे काहीच नसते. तो फक्त विम्याचे हप्ते भरत राहतो!

एका फेरीचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून ‘निफ्टी’ हा निर्देशांक काढतात. त्याचे ऑप्शन सुटे मिळत नाहीत, गठ्ठ्याने घ्यावे लागतात. 2025 साली एका गठ्ठ्यात 75 नग असत. आपण त्याच वर्षीचे दर धरू.

समजा, प्रीमियम शंभर रुपये आहे. म्हणजे एका गठ्ठ्याला साडेसात हजार रुपये पडले. थोड्या वेळाने तो गठ्ठा त्याच शंभर रुपयांना विकला. नफा नाही, तोटा नाही, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा.

घेताना वीस आणि विकताना वीस, अशी चाळीस रुपये दलाली गेली. सवलतीच्या दरात काम करणाऱ्या बऱ्याच दलालांचा हाच आकार होता. शेअर बाजाराचे शुल्क दोन्ही वेळचे मिळून सव्वापाच रुपये. दलाली आणि शुल्क यांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आठ रुपये पंधरा पैसे. विकताना सरकारचा सौद्यांवरचा कर साडेसात रुपये. स्टँप ड्यूटी आणि किरकोळ फी मिळून चोवीस-पंचवीस पैसे. बेरीज झाली सुमारे 61 रुपये.

शिवाय एक खर्च असा आहे, की जो कोणत्याच बिलावर छापलेला नसतो. जुने दागिने मोडायला गेलात की सराफाचा घेण्याचा भाव वेगळा आणि देण्याचा वेगळा असतो ना? तसेच इथेही घ्यायला गेले की भाव किंचित चढा आणि विकायला गेले की किंचित उतरता मिळतो. ही फट एका नगामागे पन्नास पैसे धरली, तरी 75 नगांवर साडेसदतीस रुपये झाले. म्हणजे बाजार जागचा हललाही नाही आणि एका फेरीत जवळजवळ 99 रुपये गेले. साडेसात हजारांवर हे सव्वा टक्क्याहून जास्त होतात.

आता हेच वर्षभर चालले तर? दिवसाला दोनच फेऱ्या, महिन्याला वीस दिवस, म्हणजे वर्षाच्या 480 फेऱ्या. नुसत्या खर्चाचे 29,280 रुपये आणि फटीचे 18,000. एकूण 47,280. घरातली पन्नास हजारांची ठेव मोडून कोणी हा उद्योग सुरू केला असेल, तर त्याचे सगळे अंदाज निम्मे बरोबर आणि निम्मे चूक ठरून बरोबरी झाली, तरीसुद्धा वर्षअखेर मुद्दल जवळजवळ संपलेले असेल. बँकेत तेच पैसे राहिले असते तर चार पैसे व्याज तरी आले असते.

‘मग एकदम मोठाच सौदा करावा,’ असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. दलाली प्रत्येक सौद्याला ठरावीक असल्यामुळे दहा गठ्ठ्यांच्या, म्हणजे पाऊण लाखाच्या फेरीला खर्च 187 रुपयांच्या आसपास येतो, आणि टक्केवारीत तो बराच कमी दिसतो. पण फट दहापट होते, आणि एका चुकीच्या दुपारी पाऊण लाखाचे तीस हजार व्हायला वेळ लागत नाही. शंभर रुपये वाचवण्यासाठी घर पणाला लावण्यासारखे ते आहे.

‘पण मोबाइलवर तर नफा दिसतो!’

हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, आणि ते खोटे नसते. अनेक ठिकाणी मोबाइलवर जो हिरवा आकडा दिसतो, तो खर्च वजा जाण्याआधीचा असतो. एका महिन्याचे उदाहरण घ्या. चाळीस फेऱ्यांपैकी बावीस जिंकल्या, प्रत्येकी सरासरी तीनशे रुपये. अठरा हरल्या, प्रत्येकी सरासरी तीनशे चाळीस. मिळाले 6,600, गेले 6,120. पडद्यावर 480 रुपये नफा, तोही हिरव्या अक्षरांत! फटीचा खर्च या आकड्यांत आधीच मुरला आहे. पण चाळीस फेऱ्यांचा 61 रुपयांप्रमाणे 2,440 रुपये खर्च वजा करा. नफ्याऐवजी 1,960 रुपयांचा तोटा निघतो. निम्म्याहून जास्त वेळा जिंकूनही पैसे गेले. माणसाच्या लक्षात मात्र जिंकलेले बावीस डावच राहतात.

हा पैसा जातो कोठे?

कंपनीचा शेअर घेऊन ठेवला आणि कंपनीचा धंदा वाढला, तर घेणाऱ्याचाही फायदा होऊ शकतो आणि इतर भागधारकांचाही. मुदतीच्या सौद्यात तसे नाही. एकाला मिळतात ते नेमके दुसऱ्याचे गेलेले. दहा जणी रमी खेळायला बसल्या आणि प्रत्येक डावाला जागेच्या मालकाने डब्यातून दहा रुपये उचलले, तर संध्याकाळपर्यंत दहा जणींचे मिळून पैसे कमीच होणार. डाव जितके जास्त, तितके ते लवकर कमी होणार.

आणि समोर खेळायला बसलेले तुमच्याआमच्यासारखे नाहीत. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’ने सप्टेंबर 2024 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. 2023-24 या वर्षात खर्च धरण्यापूर्वी मोठ्या दलाल संस्थांनी स्वतःच्या खात्यावर सुमारे 33,000 कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे 28,000 कोटी रुपये नफा मिळवला. त्यांचा बहुतेक नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतला होता. त्याच वर्षी व्यक्ती आणि इतर छोट्या सौदेकऱ्यांनी 61,000 कोटींहून जास्त गमावले.

2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शंभरातल्या 93 व्यक्तींना तोटा झाला. सरासरी तोटा, खर्च धरून, माणशी सुमारे दोन लाख रुपये. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा मिळवणारा शंभरात जेमतेम एक. तोटा झाला तरी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोक सौदे करतच राहिले. ‘गेलेले भरून काढू आणि मग सोडू,’ या एका विचाराने किती घरांतल्या ठेवी मोडल्या असतील!

तुम्ही काय पाहाल?

प्रश्न भांडणाने सुटत नाही, कागदाने सुटतो. मोबाइलवरचा नफा विचारूच नका. बँकेचे पासबुक काढा आणि वर्षभरात दलालाच्या खात्यात गेलेल्या सगळ्या रकमा एका बाजूला, परत आलेल्या दुसऱ्या बाजूला लिहा. आज त्या खात्यात शिल्लक असलेले पैसे परत आलेल्यांत मिळवा. खात्यावर शेअर्सही असतील, तर त्यांची किंमत वेगळी धरा. जो फरक निघेल तो खरा.

मग दलालाकडून सौद्याच्या दिवशी येणारी ‘कॉन्ट्रॅक्ट नोट’ उघडा. दलाली, कर, शुल्क असे सगळे खर्च तिच्यात वेगवेगळे मांडलेले असतात. दर अधूनमधून बदलतात, म्हणून वरचे आकडे पाठ करण्यापेक्षा तुमच्या घरच्या नोटेवरचे आकडे महिन्याच्या फेऱ्यांना लावून पाहा.

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत राहून जाते. या सौद्यांचा नफा-तोटा प्राप्तिकराच्या दृष्टीने धंद्याचा मानला जातो, म्हणून नोकरदारांचा नेहमीचा साधा फॉर्म इथे चालत नाही. तोटा पगारातून वजा होत नाही. पण विवरणपत्र मुदतीत भरले, तर उरलेला तोटा पुढची आठ वर्षे धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. तोटा झाला म्हणून लपवला, तर तेवढीही सवलत हातची जाते.

हिशेब मांडल्यावर थांबायचे ठरले, तर सगळे खाते बंद करायला नको. फ्यूचर्स-ऑप्शन्सचा विभाग वेगळा असतो. दलालाला कळवून तेवढाच बंद करून घेता येतो आणि घेतलेले शेअर्स जागच्या जागी राहतात. उतारा काढायला पंधरा मिनिटे पुरतील. येत्या रविवारी जेवणे झाली की दोघांनी मिळून बसा, आणि जो आकडा निघेल तो घरखर्चाच्या वहीत दूध आणि वाणसामानाच्या खाली लिहून टाका.