चौदा पानांची दोन पाने: संशोधन-परिचयाचा संक्षेप

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच सनातन धर्म महाविद्यालयही आहे. अशा परिसरातील एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारी एक अध्यापिका कल्पनेने समोर ठेवू. तिला संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती हवी आहे. अर्जासोबत दोन पानांचा परिचय मागितला आहे. तिच्याजवळ आहे तो चौदा पानांचा.

ही चौदा पाने कशी साठली, हे आधी समजून घेतले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी अध्यापकाच्या बढतीसाठी कामाचे गुण मोजण्याची पद्धत आणली. प्रत्येक चर्चासत्र, प्रत्येक उजळणी वर्ग, प्रत्येक समितीचे काम नोंदविणे तेव्हापासून हिताचे ठरले. 2018 च्या नियमांनी या पद्धतीत मोठे बदल केले. परंतु सर्व काही नोंदविण्याची सवय टिकून राहिली. बढतीच्या परिचयात नोंदींची बेरीज होते. अधिछात्रवृत्तीचा परीक्षक बेरीज करीत नाही. हा प्रश्न याच व्यक्तीच्या हाती सोपवावा काय, एवढेच तो पाहतो. म्हणून संक्षेप म्हणजे मोठ्या परिचयाची छोटी प्रत नव्हे. तो निराळ्या प्रश्नाला दिलेला निराळा जबाब होय.

पहिले काम असे की मूळ परिचयाला हात न लावता तो जपून ठेवावा आणि त्याची प्रत घ्यावी. मग जाहिरातीतील अटी वाचून पात्रतेला लागणाऱ्या बाबी, म्हणजे पीएच. डी. ची तारीख, सध्याचे पद, सेवेची वर्षे, कागदाच्या माथ्यावर आणाव्यात. त्या सापडल्या नाहीत, तर पुढचे कोणी वाचणारच नाही.

त्यानंतर एक वाक्य लिहावे. आपल्या अध्यापिकेचे वाक्य असे: ‘भाताच्या पेंढ्यापासून केलेल्या कोळशाने माळव्यातील विहिरींच्या पाण्यातील युरेनियम कमी करता येईल काय, हे मी तपासते.’ आता चौदा पानांतील प्रत्येक ओळीला एकच विचारावे: तू या वाक्याचा पुरावा आहेस काय?

सत्तावीस चर्चासत्रांपैकी ज्या दोहोंत या विषयावर निबंध वाचला, ती राहतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम, परीक्षेचे पर्यवेक्षण आणि उजळणी वर्ग जातात. आठवड्याचे सोळा तास अध्यापन मात्र एका ओळीत राहते. कारण संशोधनाला किती वेळ उरतो, हे त्यावरूनच कळते. प्रसूतीच्या रजेमुळे दोन वर्षे काही प्रसिद्ध झाले नसेल, तर तेही वर्षांसह सांगावे. कारण न दिलेली पोकळी परीक्षक आपल्या तर्काने भरतो.

खरी कसोटी लेखांच्या यादीत लागते. अठरा लेखांतून पाच निवडावेत आणि ‘निवडक 5, एकूण 18’ असे स्पष्ट लिहावे. प्रत्येकाखाली दोन ओळी पुरतात: काय आढळले आणि त्यात आपले काम कोणते. ‘नमुने गोळा करून मोजणी मी केली, गणिती प्रतिमान सहलेखकाचे’ हे वाक्य नुसत्या नावापेक्षा अधिक सांगते. नियतकालिकाचा प्रभावांक देण्याचा मोह टाळावा. लेखाची किंमत नियतकालिकाच्या आकड्यावरून ठरवू नये, असे सॅन फ्रान्सिस्को येथील 2012 च्या बैठकीतून निघालेले जाहीरनाम्याचे म्हणणे आहे, आणि अनेक निधिदात्या संस्थांनी ते स्वीकारले आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2019 मध्ये सुचविलेल्या नमुन्यात तर यादीऐवजी चार कथनात्मक भाग आहेत: ज्ञानातील भर, इतरांची घडण, संशोधक-समाजाची सेवा आणि व्यापक समाजाला झालेला उपयोग.

संक्षेप करताना काही चुका हमखास घडतात. अक्षर बारीक करून आणि समास खाऊन चार पाने दोनांत कोंबली जातात. वाचणारा मात्र कंटाळतो. सहलेखकांची नावे अशी छाटली जातात की अर्जदार पहिला लेखक भासावा. मूळ लेख उघडताच हे उघडकीस येते आणि मग उरलेल्या नोंदींवरचाही विश्वास जातो. ‘विचाराधीन’ लेख ‘स्वीकृत’ म्हणून दाखविणे हाही त्याच जातीचा दोष.

तयार झालेली दोन पाने दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला दोन मिनिटे वाचावयास द्यावीत आणि परत घेऊन विचारावे: प्रश्न कोणता, आजवर काय हाती लागले, पुढे काय करावयाचे आहे? इतिहासाच्या प्राध्यापकाने ‘पाणी, युरेनियम, पेंढ्याचा कोळसा’ असे सांगितले, तर काम साधले. ‘बरीच चर्चासत्रे केलेली दिसतात’ असे उत्तर आले, तर छाटणी अपुरी आहे, असे समजून पुन्हा त्या एका वाक्यापाशी जावे.