पंधरा वर्षांची नोकरी दोन पानांत

वरिष्ठ व्यवस्थापकाचा रेझ्युमे साधारणपणे दोन पानांचा असतो. पंधरा वर्षांची नोकरी त्यात बसवताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे प्रत्येक वर्षाला सारखीच जागा देणे. उमेदवार आज केवढी जबाबदारी पेलू शकेल, हे निवड करणाऱ्याला पाहायचे असते. त्यामुळे निम्म्याहून अधिक जागा शेवटच्या पाच-सहा वर्षांना द्यावी आणि सुरुवातीच्या नोकऱ्या पद, कंपनी व साल एवढ्यावर आटोपाव्यात.

समजा, चाकणमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यात २०१० मध्ये ट्रेनी म्हणून लागलेला इंजिनिअर आता प्लांट हेडच्या पदासाठी अर्ज करतो आहे. त्याच्या जुन्या रेझ्युमेत ‘प्रेस शॉपच्या उत्पादनाची जबाबदारी सांभाळली’ असे वाक्य आहे. ते कोणत्याही प्रेस शॉपच्या मॅनेजरला लागू पडते, आणि तोच त्याचा दोष आहे. प्रत्यक्षात त्याच्या शॉपमध्ये एक डाय उतरवून दुसरी चढवायला ५५ मिनिटे लागत. पुढची डाय, बोल्ट आणि कॉइल प्रेस चालू असतानाच तयार ठेवायची पद्धत त्याने बसवली आणि तेच काम १८ मिनिटांवर आले. दिवसातून चार वेळा डाय बदलत असल्याने एका प्रेसवर रोज सुमारे अडीच तास मोकळे झाले. रेझ्युमेत हे असे येईल: ‘सहा महिन्यांत डाय बदलण्याचा वेळ ५५ वरून १८ मिनिटांवर आणला; प्रत्येक प्रेसवर रोज अडीच तासांचे जादा उत्पादन शक्य झाले.’ आधीची स्थिती, नंतरची स्थिती, लागलेला काळ आणि कंपनीला झालेला फायदा, सगळे एका वाक्यात आले. असे पाच-सहा दाखले पुरेत, मात्र ते जाहिरातीत मागितलेल्या कामाशी जुळणारे हवेत.

हे आकडे स्मरणावर विसंबून लिहू नयेत. जुनी अप्रेझल आणि मासिक आढाव्याची टिपणे चाळावीत. टक्केवारीत विशेष जपावे लागते. रिजेक्शन २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले, तर ‘रिजेक्शन ५० टक्क्यांनी घटवले’ हे हिशेबाने खरे, पण मूळ आकडा लपवणारे आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. यश पूर्ण टीमचे असेल, तर स्वतःचा वाटा नेमका कोणता, हेही त्याच ओळीत सांगावे. ग्राहकाचे दर किंवा कंपनीचा नफा यांसारखी गोपनीय माहिती प्रमाणाच्या रूपातही देऊ नये.

वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटचे ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र गाळले की बरीच जागा सुटते. ती वरच्या चार ओळींच्या परिचयाला द्यावी: किती माणसे हाताखाली होती, किती मोठे बजेट सांभाळले आणि कोणत्या प्रकारच्या कारखान्यात.