धर्म आणि माध्यमे: डीनच्या टेबलावरची दोन पाने

कॉलेजात नवा विषय सुरू करायचा तर विभागातले प्राध्यापक आधी डीनना, म्हणजे अधिष्ठात्यांना, एक टिपण पाठवतात. डीनना ते पटलं, तर पुढे अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद यांच्या मंजुरीचा रस्ता मोकळा होतो. विषय 'धर्म आणि माध्यमे' असेल तर हे टिपण विशेष जपून लिहावं लागतं. उद्या कुणाची तक्रार आली तर काय, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आधीच असतो आणि त्याचं उत्तर टिपणातच मिळायला हवं.

सुरुवात मागणीने करावी. 'पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी धर्म आणि माध्यमे हा २ क्रेडिटचा ऐच्छिक विषय पुढील सत्रापासून सुरू करण्यास आपली शिफारस मिळावी, ही विनंती.' एवढं एक वाक्य पुरतं. धर्माचं समाजातलं स्थान वगैरे प्रस्तावना वरच आली, तर नेमकं काय हवंय ते डीनना दुसऱ्या पानावर शोधत बसावं लागतं.

आता तासांचा हिशेब. एका क्रेडिटला १५ तासिका, म्हणजे हातात ३० तासिका. इथेच बरेच प्रस्ताव फसतात. सगळे धर्म, सगळी माध्यमं आणि वर चार सिद्धान्त असा आठ घटकांचा आराखडा ३० तासिकांत मावत नाही, हे अनुभवी डीनच्या लगेच लक्षात येतं. चार घटक पुरेत: छपाईला ७ तासिका, सिनेमाला ७, टीव्हीला ८ आणि मोबाइलला ८. मग प्रत्येक घटकात एखाद-दुसरं उदाहरण सविस्तर शिकवता येतं. छपाईच्या घटकात १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेलं 'ज्ञानोदय' घेता येईल. त्याच्या जोडीला डॉ. आंबेडकरांचं 'जनता'. १९३०मध्ये निघालेलं हे पत्र १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं. सिनेमासाठी फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आणि प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' हाताशी आहेतच. अशा निवडीतून अभ्यास एकाच धर्माचा नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तक्रारीच्या भीतीवरचा खरा उपाय म्हणजे एक तासिका प्रत्यक्ष कशी चालेल, ते टिपणात लिहून दाखवणं. समजा, विषय दूरदर्शनवरच्या 'रामायण' मालिकेचा आहे. २५ जानेवारी १९८७ला ती सुरू झाली. रविवारी सकाळी अनेक घरांत टीव्हीला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. रामकथा खरी की काल्पनिक, हा या तासिकेचा प्रश्न नाही. देवळात किंवा कीर्तनात ऐकलेली कथा ठरलेल्या वेळी देशभर एकाच रूपात दिसू लागली, तेव्हा भक्तीच्या रीतीत काय बदललं, हा तिचा प्रश्न आहे. शिवाय इथे श्रद्धेची परीक्षा होत नाही. कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतःचा धर्म सांगावा लागणार नाही आणि एखादी चित्रफीत पाहायची नसेल तर त्याला पर्यायी काम मिळेल, हे दोन नियम टिपणात स्पष्ट लिहावेत.

पुढचा मुद्दा मूल्यमापनाचा. 'विद्यार्थ्यांना विषयाची जाण येईल' असं उद्दिष्ट लिहिलं तर ती जाण तपासायची कशी? त्याऐवजी लिहावं, 'विद्यार्थी पंढरीच्या वारीची एकाच दिवशीची बातमी वृत्तपत्र, वृत्तवाहिनी आणि मोबाइलवरचा व्हिडिओ या तिन्हींत पाहून काय दाखवलं, काय वगळलं याची तुलना करतील.' यावर प्रकल्प देता येतो, गुण देता येतात आणि गुण का कापले हेही सांगता येतं.

राहिला व्यवहार. इतिहास विभाग भक्ती चळवळ शिकवतो आणि पत्रकारिता विभाग माध्यमांची नीती. आपला विषय त्यांच्यापासून कुठे वेगळा पडतो, हे दोन ओळींत सांगावं. त्याआधी दोन्ही विभागप्रमुखांशी बोलून घ्यावं, नाहीतर हरकत थेट बैठकीत येते. शिकवणार कोण, त्यांच्या आठवड्याच्या तासिकांत हे बसतं का आणि ग्रंथालयात काय नव्याने लागेल, तेही लिहावं. नवं पद मागितलं की प्रस्ताव आर्थिक मंजुरीत अडकतो. त्यामुळे सुरुवात असलेल्या माणसांवरच करावी.

एवढं करूनही डीनना धाकधूक वाटली, तर टिपणातच एक मधला मार्ग ठेवावा: एका वर्षासाठी, मर्यादित प्रवेशसंख्येवर आणि सत्राअखेर विद्यार्थ्यांचे अभिप्राय व निकाल अभ्यास मंडळापुढे मांडण्याच्या अटीवर. सरसकट होकार देण्यापेक्षा अशा प्रस्तावावर सही करणं डीनना सोपं जातं.