कार्टूनमधली खार एवढं कमी का बोलते?

'दाणे पावसात वाहून गेल्यामुळे मला फार वाईट वाटतंय आणि आता काय करावं तेच कळत नाही.' कार्टूनमधली खार असं बोलली, तर तीन-चार वर्षांचं मूल मध्येच गोंधळतं. कारण, भावना आणि प्रश्न एकाच वाक्यात आलेत. म्हणून लेखक ते तोडतो: 'माझे दाणे! वाहून गेले! मला रडू येतंय. आता काय करू?'

शेवटचा प्रश्न प्रत्येक संकटात जसाच्या तसा येतो. शब्द बदलले, तर मुलाला सोबत बोलता येत नाही. १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या अमेरिकी मालिकेत प्रश्नानंतर मुद्दाम थांबत आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवत.

संवाद जमला का? चित्र न दाखवता वाचा आणि विचारा, 'खारीला काय वाटतंय?' उत्तर आलं नाही, तर भावना शब्दांत उतरलेली नाही.